कॅटची डीआय आणि व्हर्बल तयारी: आठवड्याला दोन सेक्शनल आणि त्यांची चिरफाड

कॅटचा पेपर दोन तासांचा असला तरी प्रत्यक्षात ते चाळीस-चाळीस मिनिटांचे तीन वेगळे पेपर असतात. आधी व्हीएआरसी, म्हणजे इंग्रजी वाचन आणि भाषा, ज्याला व्हर्बल म्हणतात; मग डीआयएलआर, म्हणजे आकडेवारी आणि तर्काचे सेट, ज्याला थोडक्यात डीआय म्हणतात; शेवटी क्वांट, म्हणजे गणित. एका विभागाची वेळ संपली की तो बंद होतो, आणि उरलेली मिनिटं पुढच्या विभागात नेता येत नाहीत. २०२० पासून ही रचना टिकून आहे. २०२४ च्या पेपरात एकूण ६८ प्रश्न होते: व्हीएआरसीत २४, डीआयएलआर आणि क्वांटमध्ये प्रत्येकी २२. बरोबर उत्तराला तीन गुण, चुकलेल्या बहुपर्यायी प्रश्नाला एक गुण वजा, आणि ज्यात उत्तर स्वतः टाइप करायचं असतं त्या प्रश्नाला, म्हणजे टीटाला, वजा गुण नाहीत.

हा लेख पहिल्या दोन विभागांबद्दल आहे. क्वांटमध्ये सूत्र येत नाही म्हणून गुण जातात. डीआय आणि व्हर्बलमध्ये पाठ करण्यासारखं फार थोडं असतं. तिथे गुण जातात ते निर्णय चुकल्यामुळे. नको तो सेट हातात घेतला, सुटत नसलेला सेट सोडला नाही, दोन पर्याय उरले असताना जास्त भारदस्त वाटला तो निवडला. हे निर्णय सुधारायचे तर नुसते प्रश्न सोडवत राहून भागत नाही. चाळीस मिनिटांची चाचणी द्यायची आणि नंतर तिच्यातला एकेक निर्णय उलगडून बघायचा, हे दर आठवड्याला करावं लागतं.

आठवडा कसा बसवायचा

आठवड्यात दोनच सेक्शनल, म्हणजे एकाच विभागाच्या चाळीस मिनिटांच्या चाचण्या, द्या, एक डीआयएलआरची आणि एक व्हीएआरसीची. रोज एक देणारे पुष्कळ असतात, पण त्यांच्याकडे तपासणीला वेळ उरत नाही, आणि तपासणीशिवाय सेक्शनल म्हणजे फक्त आपला आजचा गुणांक कळणं.

मी असा क्रम सुचवतो. सोमवार-मंगळवार डीआयचा सराव, घड्याळ न लावता, दिवसाला दोन सेट. बुधवारी डीआयएलआरची सेक्शनल. गुरुवारी तिची तपासणी, तीही पूर्ण, दीड ते दोन तासांची. शुक्रवारी दोन पॅसेज आणि चार-सहा छोटे व्हर्बल प्रश्न. शनिवारी व्हीएआरसीची सेक्शनल, रविवारी सकाळी तिची तपासणी आणि मग अर्धा तास आठवड्याची वही वाचणं. नोकरी करणाऱ्यांना बुधवार जमत नसेल तर दोन्ही सेक्शनल शनिवार-रविवारी घ्या, पण तपासणी दुसऱ्या दिवसाच्या पलीकडे ढकलू नका. एखादा पर्याय आपण का निवडला ते चार दिवसांनी आठवत नाही, आणि तपासायचं असतं नेमकं तेच.

चाचणीसाठी प्रश्न कुठले घ्यायचे? कॅट आता एकाच दिवशी तीन सत्रांत होते, त्यामुळे २०२० ते २०२४ या पाच वर्षांचेच पंधरा पेपर हाताशी आहेत. हे पेपर सुरुवातीलाच सरावात उडवून टाकू नका. रोजच्या सरावाला क्लासचं साहित्य चालतं; सेक्शनलसाठी, निदान व्हर्बलच्या, जुने खरे पेपर राखून ठेवा. क्लासच्या चाचण्यांमधले डीआय सेट बहुधा खऱ्यापेक्षा जास्त किचकट असतात, त्याने फार बिघडत नाही. पण त्यांच्या व्हर्बलच्या उत्तरसूचीवर मी कधीच पूर्ण विसंबत नाही. उलटसुलट वाक्यांचा क्रम किंवा सारांश यांत दोन उत्तरं समर्थनीय ठरतील असे प्रश्न तिथे सर्रास येतात. चुकीच्या उत्तरसूचीवर स्वतःचा विचार घासत बसलं तर कान बिघडतो.

डीआय: सोडवण्याआधी निवडणं

डीआयएलआरच्या विभागात २०२४ साली पाच सेट होते, काही चार प्रश्नांचे, काही पाच. चाळीस मिनिटांत पाचही सोडवायची अपेक्षा पेपर काढणाऱ्यांचीही नसावी. दोन सेट पूर्ण आणि तिसऱ्यातले दोन-तीन प्रश्न नीट सुटले तर तो चांगला दिवस समजा.

म्हणून पहिली पाच मिनिटं पेन खाली ठेवून पाचही सेट वाचायचे. या पाच मिनिटांची घाई वाटते, आणि नेमकी इथेच माणसं घसरतात: पहिला सेट दिसला की त्यावर तुटून पडतात. वाचताना मी तीन गोष्टी बघतो. एक, माहितीत काही पक्कं दिलेलं आहे का, म्हणजे एखादी बेरीज, एखादं स्थान, एखादी मर्यादा. दोन, प्रश्न कसे आहेत. चारपैकी दोन प्रश्न ‘जर असं असेल तर’ या शब्दांनी सुरू होत असतील तर तक्ता एकमेव नसणार हे आधीच कळतं. तीन, सेटचा आकार डोक्यात येतो का: चार ओळींचा तक्ता काढायचाय, की वर्तुळं, की सामन्यांची जोडी. आकारच सुचत नसेल तर तो सेट शेवटी.

मग क्रम लावा आणि नियम ठरवून घ्या. सेट सुरू केल्यापासून चार मिनिटांत पहिली पक्की संख्या मिळाली नाही तर सोडून द्या. मिळाली तर बारा मिनिटांपर्यंत द्या. सेट सोडणं जड जातं, कारण त्यात चार मिनिटं घातलेली असतात; पण ती मिनिटं परत येणार नाहीतच, प्रश्न उरलेल्यांचा आहे.

शुद्ध आकडेमोडीचे सेट हल्ली कमी येतात, तरी टक्केवारी हाताला लागलेली हवी. पडद्यावर साधा कॅल्क्युलेटर असतो, पण माऊसने एकेक बटण दाबत बसणं वेळखाऊ आहे. ८१२ वरून ९३५ म्हणजे किती टक्के वाढ? फरक १२३. ८१२ चे दहा टक्के सुमारे ८१, पाच टक्के सुमारे ४१, मिळून १२२. म्हणजे पंधरा टक्क्यांहून किंचित जास्त. पर्याय जवळजवळ असतील तरच कॅल्क्युलेटर उघडा. असे पाच-दहा हिशेब रोज चहाच्या वेळात करून टाकले की पुरे, त्यासाठी वेगळा तास नको.

एक सेट, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

कॅटच्या धर्तीचा एक सेट मी इथे मांडतो. पुढचं वाचण्याआधी कागद घेऊन स्वतः करून बघा.

एका डेअरीची सातारा, कराड, सांगली आणि मिरज इथे चार दुकानं आहेत. एका दिवशी प्रत्येक दुकानाने श्रीखंड, पेढे आणि चक्का असे तीन पदार्थ किलोच्या हिशेबात विकले.

१. प्रत्येक दुकानातली प्रत्येक पदार्थाची विक्री दहाच्या पटीत आहे आणि कुठेही शून्य नाही.
२. एकूण श्रीखंड १००, पेढे १५० आणि चक्का १५० किलो विकला गेला.
३. दुकानांची एकूण विक्री: सातारा १००, कराड ८०, सांगली १२०, मिरज १०० किलो.
४. चारही दुकानांची श्रीखंडाची विक्री वेगवेगळी होती, आणि कराडची साताऱ्याच्या दुप्पट.
५. कराडमध्ये पेढे आणि चक्का सारखेच विकले गेले.
६. सांगलीत पेढ्यांची विक्री श्रीखंडाच्या दुप्पट होती.
७. सातारा आणि मिरज इथली चक्क्याची विक्री सारखी होती.

प्रश्न असे: (अ) कराडमध्ये किती किलो पेढे विकले गेले? (आ) साताऱ्यात जास्तीत जास्त किती किलो पेढे विकले गेले असतील? (इ) मिरजेत चक्का श्रीखंडापेक्षा जास्त विकला गेला असेल, तर सांगलीत पेढे किती?

बहुतेक जण आधी बारा घरांचा तक्ता काढतात, कडेला बेरजा लिहितात आणि क्ष-य मांडायला लागतात. इथे तशी गरज नाही. सेटमध्ये शिरायची फट चौथ्या वाक्यात आहे. चार वेगवेगळ्या संख्या, सगळ्या दहाच्या पटीत, शून्य नाही, आणि बेरीज १००. अशा संख्यांची सर्वांत लहान शक्य बेरीजच १०, २०, ३० आणि ४० मिळून १०० होते. म्हणजे श्रीखंडाचा स्तंभ याच चार आकड्यांचा; फक्त कुठला कुणाचा ते ठरवायचं.

कराड साताऱ्याच्या दुप्पट, म्हणून कराड ४० आणि सातारा २०, नाहीतर कराड २० आणि सातारा १०.

दुसरी शक्यता आधी तपासू. कराड २० असेल तर उरलेले ६० पेढे आणि चक्क्यात ३०-३०. सांगलीला श्रीखंड ३० किंवा ४० उरतं. ४० असेल तर पेढे ८०, आणि १२० पूर्ण झाले, चक्का शून्य. हे चालत नाही. ३० असेल तर पेढे ६०, चक्का ३०. मग चक्क्याच्या १५० मधून कराडचे ३० आणि सांगलीचे ३० गेले, राहिले ९०, ते सातारा आणि मिरजेत सारखे म्हणजे ४५-४५. दहाच्या पटीत नाही. ही शक्यता बाद.

आता कराड ४०, सातारा २०. कराडचे पेढे आणि चक्का २०-२०. सांगलीला श्रीखंड ३० किंवा १०. दोन्ही करून बघितलं तर दोन्ही जमतात:

| | श्रीखंड | पेढे | चक्का |
|---|---|---|---|
| सातारा | २० | ३० किंवा ६० | ५० किंवा २० |
| कराड | ४० | २० | २० |
| सांगली | ३० किंवा १० | ६० किंवा २० | ३० किंवा ९० |
| मिरज | १० किंवा ३० | ४० किंवा ५० | ५० किंवा २० |

प्रत्येक घरातला पहिला आकडा पहिल्या शक्यतेचा आणि दुसरा दुसऱ्या शक्यतेचा. त्यांची सरमिसळ करायची नाही.

इथे बरेच जण थांबतात. तक्ता एकमेव आला नाही म्हणजे आपलं काहीतरी चुकलं असं समजून वाक्यं पुन्हा वाचायला लागतात, आणि पाच मिनिटं तिथे जातात. चुकलेलं काहीच नाही. प्रश्न बघा: (अ) कराडचे पेढे दोन्ही शक्यतांत २० आहेत, म्हणून उत्तर २०. (आ) साताऱ्याचे पेढे ३० किंवा ६०, म्हणून जास्तीत जास्त ६०. (इ) मिरजेत चक्का श्रीखंडापेक्षा जास्त हे पहिल्या शक्यतेतच खरं आहे, ५० विरुद्ध १०; दुसरीत २० विरुद्ध ३०. म्हणून सांगलीचे पेढे ६०. ‘जास्तीत जास्त’ आणि ‘तर’ हे शब्द प्रश्नांत होते तिथेच दोन शक्यता उरणार हा इशारा होता.

गुरुवारची तपासणी

सेक्शनल संपली की उत्तरसूची लगेच उघडू नका. ही एक सवय लागली तर अर्धी तपासणी आपोआप होते. आधी न सुटलेला आणि सोडून दिलेला प्रत्येक सेट घड्याळ न लावता पुन्हा करा. सोडून दिलेला सेट घरी शांतपणे आठ मिनिटांत सुटला तर अडचण सेट निवडण्यात आहे. चाळीस मिनिटं घेऊनही सुटला नाही तर सोडण्याचा निर्णय बरोबर होता, त्याबद्दल हळहळ नको. आणि जो सेट तुम्ही परीक्षेत अठरा मिनिटं धरून बसलात, तो नेमका कितव्या मिनिटाला अडला ते आठवा.

मग प्रत्येक सेटसाठी वहीत चार ओळी लिहा: सेट कुठल्या आकाराचा होता, फट कुठल्या वाक्यात होती, मला ती कितव्या मिनिटाला दिसली, आणि पुढे कशाने अडलो. वरच्या सेटची नोंद अशी होईल: ‘गाळलेल्या आकड्यांचा तक्ता, बेरजा दिलेल्या. फट: वेगवेगळ्या संख्या आणि लहानात लहान बेरीज. दिसली सहाव्या मिनिटाला, आधी क्ष-य मांडले. दोन शक्यता उरल्यावर चूक शोधत बसलो.’

एवढंच लिहायचं. पूर्ण उत्तर उतरवून काढू नका; उत्तर कुठेही मिळतं. उकलीचे व्हिडिओ बघायला हरकत नाही, पण फक्त पहिल्या फटीपर्यंत. ती दिसली की व्हिडिओ बंद करा आणि पुढचं स्वतः करा. शेवटपर्यंत व्हिडिओ बघितला की सगळं कळल्यासारखं वाटतं आणि पुढच्या बुधवारी तसाच सेट पुन्हा अडतो.

पंधरा दिवसांनी त्याच सेटची फक्त माहिती वाचा आणि फट आठवते का बघा. उत्तर आठवून उपयोग नाही, वाट आठवली पाहिजे.

व्हर्बल: पॅसेज मराठीत वाचा

व्हीएआरसीच्या २४ प्रश्नांपैकी १६ सहसा चार पॅसेजवरचे असतात, प्रत्येकावर चार. उरलेले आठ छोट्या प्रकारांचे: परिच्छेदाचा सारांश, उलटसुलट वाक्यांचा क्रम, एक वाक्य कुठल्या जागी बसेल, आणि अधूनमधून चार-पाच वाक्यांतलं वेगळं वाक्य ओळखणं.

शब्दसंग्रह वाढवायला हजार शब्दांची यादी पाठ करणं हा या परीक्षेसाठी वेळेचा अपव्यय आहे. शब्दाचा नुसता अर्थ विचारणारे प्रश्न आता येत नाहीत. पॅसेज अडतो तो एखाद्या शब्दावर क्वचितच. बहुतेक वेळा लेखक कुणाचं मत सांगतोय आणि स्वतःचं कुठे सुरू करतोय हे निसटल्यामुळे अडतो.

मराठी वाचकाला इथे एक सोय आहे. सरावात प्रत्येक परिच्छेद संपल्यावर कडेला त्याचं काम मराठीत पाच-सहा शब्दांत लिहा. ‘जुनं मत सांगतो’, ‘त्याला एक अडचण’, ‘लेखक अर्धं मान्य करतो’, ‘शेवटी स्वतःचं म्हणणं’. इंग्रजीत लिहिलं तर पॅसेजमधलेच शब्द उचलले जातात आणि काही समजलं नाही हे आपल्यालाच कळत नाही. मराठीत लिहायचं म्हटलं की समजल्याशिवाय लिहिता येत नाही. महिना-दीड महिन्यानंतर हे कागदावर न लिहिता मनात व्हायला लागतं. परीक्षेत लिहीत बसायला वेळ नसतो.

आता पर्यायांच्या सापळ्यांकडे. परीक्षा इंग्रजीत असली तरी सापळा मराठीतही तसाच चालतो, म्हणून मी उदाहरण मराठीत देतो. हा सारांशाचा प्रश्न समजा:

‘रस्त्यावर गर्दी वाढली की तो रुंद केला जातो. रुंद रस्ता मोकळा दिसतो, म्हणून एरवी बसने जाणारे किंवा प्रवास टाळणारे लोकही गाडी बाहेर काढतात, आणि काही काळाने गर्दी जवळपास पूर्वीइतकी होते. याचा अर्थ रुंदीकरण वाया गेलं असा नाही. पूर्वीपेक्षा जास्त लोक प्रवास करू शकतात, हा लाभच आहे. मात्र ज्याला गर्दीच कमी करायची आहे, त्याने केवळ रुंदीवर विसंबून राहू नये.’

पर्याय:

१. रस्ते रुंद केल्याने गर्दी कमी होत नाही, त्यामुळे रुंदीकरणावर पैसा घालणं निरर्थक आहे.
२. रुंद रस्ता नवी वाहतूक ओढून घेतो. त्याने जास्त लोकांची सोय झाली तरी गर्दी घटवायला तो एकटा पुरत नाही.
३. रस्ता रुंद झाला की बसने जाणारे लोक गाड्यांकडे वळतात आणि गर्दी पुन्हा वाढते.
४. गर्दी कमी करायची तर रस्ते रुंद करण्याऐवजी बससेवा सुधारली पाहिजे.

तिसऱ्यात काहीच खोटं नाही, पण त्यात परिच्छेदाचा पहिला अर्धा भागच आहे. लाभाचं वाक्य आणि शेवटचा सल्ला गायब. चौथं म्हणणं शहाणपणाचं असेल, पण लेखकाने ते म्हटलेलं नाही. ते आपल्या डोक्यातून आलं, पॅसेजमधून नाही. पहिला पर्याय सर्वांत धोकादायक, कारण तो लेखकाच्याच दिशेने जातो आणि लेखक जिथे थांबला त्याच्या पुढे दोन पावलं टाकतो. ‘वाया गेलं असा नाही’ हे वाक्य नजरेतून सुटलं की हाच निवडला जातो. उत्तर दुसरा.

या तीन सापळ्यांना मी वहीत अर्धा, बाहेरचा आणि जास्तीचा असं म्हणतो. चुकलेल्या बहुतेक व्हर्बल प्रश्नांवर या तिन्हींपैकी एक शिक्का बसतो. चौथा शिक्का ‘उलटा’: लेखक ज्याचं खंडन करतो त्याचंच मत लेखकाचं म्हणून दिलेलं असतं. लांब पॅसेजमध्ये हा जास्त दिसतो.

उलटसुलट वाक्यांबद्दल थोडक्यात. इथे उत्तर टाइप करायचं असतं आणि वजा गुण नसतात, म्हणून ते कधीही रिकामं सोडू नका. पहिलं वाक्य शोधत बसण्यापेक्षा एकमेकांना चिकटलेली जोडी शोधा: एका वाक्यात नाव आलं आणि दुसऱ्यात त्याचं सर्वनाम, एकात दावा आणि दुसऱ्यात ‘पण’. एक पक्की जोडी सापडली की उरलेल्या शक्यता झपाट्याने कमी होतात. जोडी सापडली नाही तर दोन मिनिटांत अंदाज टाकून पुढे जा.

खात्रीच्या खुणा

व्हीएआरसीच्या तपासणीसाठी चाचणी चालू असतानाच एक छोटं काम करायचं. कच्च्या कागदावर प्रत्येक प्रश्नाच्या आकड्यापुढे खूण करा: खात्री असेल तर ख, दोनांत अडकलात तर द, नुसता अंदाज असेल तर अ. दोन सेकंदांचं काम आहे, पण त्याशिवाय तपासणी आंधळी होते.

त्यामागचा हिशेब बघा. चारही पर्याय सारखेच वाटत असताना ठोकून दिलं तर चारांत एकदा तीन गुण आणि तीनदा एक वजा: सरासरी शून्य. फायदा नाही, तोटाही नाही, फक्त वेळ जातो. एक पर्याय नक्की बाद करता आला तर सरासरी एक तृतीयांश गुण, आणि दोन बाद झाले तर दर प्रश्नाला एक गुण. म्हणजे दोनांत अडकलात म्हणून प्रश्न सोडून देणं हा तोट्याचा व्यवहार आहे.

समजा एका शनिवारी तुम्ही १९ बहुपर्यायी प्रश्न सोडवले आणि ११ बरोबर आले. गुण तेहेतीस वजा आठ, म्हणजे २५. एवढ्यावर थांबलात तर ‘अचूकता वाढवली पाहिजे’ असा कुणालाही सुचेल असा निष्कर्ष निघतो. खुणा लावून बघितलं तर चित्र वेगळं दिसतं. ख चे ९ प्रश्न, त्यांतले ८ बरोबर: २३ गुण. द चे ७, बरोबर ३: नऊ वजा चार, ५ गुण. अ चे ३, सगळे चूक: वजा ३.

ख मध्ये काही करायचं नाही. चुकलेला एक प्रश्न मात्र नीट बघा, कारण खात्री असून चुकणं म्हणजे पॅसेजच उलटा समजला होता. अ चे तीन प्रश्न पुढच्या वेळी सोडायचे, किंवा निदान त्यांच्यावर मिनिट घालवायचं नाही. खरी जागा द ची. तिथले चार चुकलेले प्रश्न काढा आणि शिक्के मारा. चारपैकी तीनांवर ‘जास्तीचा’ आला, तर पुढच्या आठवड्याचं काम ठरलं: दोनांत अडकलात की जो पर्याय सौम्य बोलतो त्याच्या बाजूने आधी पुरावा शोधायचा, आणि ‘नेहमी’, ‘केवळ’, ‘निरर्थक’ अशा शब्दांना पॅसेजमध्ये बोट ठेवून आधार दाखवता आला पाहिजे. सौम्य पर्याय आपोआप बरोबर असतो असं मात्र नाही. लेखकच जहाल असेल तर सौम्य पर्यायच ‘अर्धा’ ठरतो.

एका चाचणीवरून निष्कर्ष काढू नका. सात प्रश्नांतले तीन की चार बरोबर यात नशिबाचा भाग मोठा असतो. चार आठवड्यांच्या खुणा एकत्र केल्या की द चे पंचवीस-तीस प्रश्न होतात, तेव्हा त्यातलं प्रमाण काहीतरी सांगायला लागतं. निम्म्याहून कमी बरोबर येत असतील तर तुम्ही नाणेफेकीपेक्षाही वाईट निवडताय, म्हणजे एखादा सापळा ठरावीक पद्धतीने तुम्हाला ओढतोय. शिक्के बघून तो सापडतो.

रविवारचा अर्धा तास

रविवारी वही वाचताना पुढच्या आठवड्यासाठी फक्त दोन गोष्टी ठरवा, डीआयची एक आणि व्हर्बलची एक. ‘सोमवार-मंगळवारचे चारही सेट गाळलेल्या आकड्यांच्या तक्त्याचे घेणार, आणि समीकरण मांडण्याआधी वाक्यांच्या मर्यादा तपासणार.’ ‘शुक्रवारी सहा सारांश, प्रत्येक चुकीच्या पर्यायावर शिक्का.’ पाच गोष्टी ठरवल्या तर एकही होत नाही.

गुणांचा आलेख काढण्याची हौस असेल तर काढा, पण डीआयएलआरचे गुण आठवड्यागणिक वरखाली होणारच. एक सेट सुटणं-न सुटणं म्हणजे बारा ते पंधरा गुणांचा फरक. त्यापेक्षा दोन आकडे जास्त खरं बोलतात: हातात घेऊन अर्धवट सोडलेल्या सेटवर किती मिनिटं गेली, आणि सोडलेल्यांपैकी किती सेट घरी दहा मिनिटांच्या आत सुटले. हे दोन्ही कमी होत असतील तर गुण खाली गेले तरी तयारी ठीक चालली आहे.

सेक्शनलला एक मर्यादा आहे. घरी ताज्या डोक्याने दिलेली डीआयएलआर आणि चाळीस मिनिटं इंग्रजी पॅसेज वाचून दमल्यावर, मध्ये श्वास न घेता सुरू होणारी डीआयएलआर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून ऑगस्टपासून महिन्यातून एकदा दोन्ही लागोपाठ द्या, सलग ऐंशी मिनिटं. डीआयएलआरमधली पहिली पाच वाचनाची मिनिटं तेव्हा टिकतात का ते बघा. दमलेला माणूस पहिला दिसेल तो सेट धरतो. परीक्षा नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी असते, तेव्हा ऑक्टोबरपासून पूर्ण मॉक आठवड्याला एक आणि सेक्शनल फक्त कच्च्या विभागाची, असा बदल करावा लागतो. मॉकची तपासणीही याच वहीत, याच खुणांनी.

महाराष्ट्रातले पुष्कळ जण कॅटसोबत राज्याची एमबीए सीईटीही देतात. तिथे दीडशे मिनिटांत दोनशे प्रश्न असतात आणि वजा गुण नाहीत, म्हणजे सोडून देण्याची कला तिथे उलटी पडते: एकही प्रश्न रिकामा ठेवायचा नाही आणि प्रश्नामागे सरासरी पाऊण मिनिट. कॅट झाल्यावर सीईटीकडे वळताना सेट निवडण्याचे नियम बाजूला ठेवा. खात्रीच्या खुणा आणि सापळ्यांचे शिक्के मात्र तिथेही चालतात, फक्त अ ची खूण असलेले प्रश्न सोडायचे नाहीत. शेवटची पाच मिनिटं त्यांच्यासाठी ठेवायची आणि सगळे भरून टाकायचे.